दत्तक वडिलांची रजा कोणत्या तारखेपासून मोजायची? एका अर्जाचा अभ्यास

मी आस्थापनांना सेवाशर्ती आणि कामगार कायद्यांविषयी सल्ला देण्याचे काम करते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी कंपनीने माझ्याकडे एक फेटाळलेला रजेचा अर्ज पाठवला आणि फेटाळण्याचा निर्णय योग्य आहे का, एवढेच विचारले. अर्ज दहा दिवसांच्या पितृत्व रजेचा होता आणि अर्जदार एका दत्तक मुलीचे वडील होते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदललेले आहेत. घटनांचा क्रम आणि तारखांमधील अंतर मात्र तसेच ठेवले आहे, कारण या प्रकरणातील सगळा वाद त्या अंतरांचाच आहे.

पती-पत्नी दोघेही खासगी नोकरीत होते, पण वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये. केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर त्यांनी काही वर्षांपूर्वी नोंदणी केली होती, सामाजिक कार्यकर्त्यांची गृहभेट आणि तिचा अहवालही झाला होता. त्यानंतर सुरू झाली ती प्रतीक्षा. सोमवार, २० फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांना विदर्भातील एका दत्तक संस्थेतील मुलीची माहिती पाठवण्यात आली. मुलीचा जन्म ४ ऑगस्ट २०२२ चा, म्हणजे ती साडेसहा महिन्यांची होती. अशी माहिती आल्यावर बाळ आपल्यासाठी राखून ठेवण्यास पालकांना ४८ तास मिळतात. तेवढ्या वेळात त्यांनी होकार कळवला. पुढे संस्थेत जाऊन बाळाला भेटणे, वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आणि स्वीकृतीवर सही करणे, यासाठी नियमांनी ३० दिवस दिलेले असतात. स्वीकृतीनंतर दहा दिवसांच्या आत बाळाला दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी न्यायचे असते. या दांपत्याने ३ मार्चला सही केली आणि शुक्रवार, १० मार्चला मुलगी घरी आली. मुलीची माहिती आल्यापासून ती घरात येईपर्यंत मध्ये अठरा दिवस गेले.

नऊ महिन्यांची पूर्वसूचना असलेल्या पालकत्वासाठी तयार केलेले नियम या अठरा दिवसांना लावले, तर काय होते ते पुढच्या घटनांत दिसते.

वडिलांनी २३ फेब्रुवारीला कंपनीच्या रजा प्रणालीत अर्ज भरायला घेतला. यादीत `Paternity Leave` हा एकच पर्याय होता. तो निवडल्यावर `Expected Date of Delivery` हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. त्या रकान्यात काय लिहावे हे न कळल्याने त्यांनी मुलीची खरी जन्मतारीख टाकली. कंपनीच्या धोरणानुसार पितृत्व रजा प्रसूतीपासून साठ दिवसांत घ्यायची होती. प्रणालीने ४ ऑगस्टपासून साठ दिवस मोजले आणि रजेची मुदत ३ ऑक्टोबर २०२२ रोजी संपल्याचे दाखवून अर्ज परत केला. जी मुलगी त्यांच्या घरी अजून आलेलीही नव्हती, तिच्यासाठीचा हक्क प्रणालीच्या हिशेबाने जवळजवळ पाच महिन्यांपूर्वीच संपला होता. हा परतीचा संदेश त्यांनी छापून फाइलला लावला होता, आणि मला वाटते, त्या फाइलमधील सर्वांत बोलका कागद तोच होता.

मग त्यांनी मनुष्यबळ विभागाला ई-मेल पाठवला. उत्तरात तीन कारणे आली. पहिले, पितृत्व रजेसाठी ३० दिवस आधी कळवणे आवश्यक आहे. दुसरे, अर्जासोबत रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड किंवा वडिलांचे नाव असलेला जन्मदाखला नाही. तिसरे, दत्तक मुलांबाबत कायद्यात तीन महिन्यांच्या वयाची मर्यादा आहे आणि ही मुलगी त्याहून मोठी आहे.

पहिल्या कारणाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. माहिती आली २० फेब्रुवारीला आणि मुलगी घरी आली १० मार्चला. तीस दिवसांची पूर्वसूचना देणे कोणालाही शक्य नव्हते. तिसरे कारण मात्र नीट उलगडून सांगितले पाहिजे, कारण ते मी अनेक कंपन्यांच्या पत्रव्यवहारात वाचले आहे आणि दर वेळी त्याच्या मुळाशी एकच गैरसमज असतो.

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली. तिने तीन महिन्यांपेक्षा कमी वयाचे बाळ कायदेशीररीत्या दत्तक घेणाऱ्या स्त्रीला, बाळ तिच्या स्वाधीन केल्याच्या दिवसापासून बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. सरोगसीतून बाळ मिळवणाऱ्या मातेलाही तेवढीच रजा मिळाली. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला हा कायदा स्त्री कर्मचाऱ्यांचा होता. त्यात वडिलांसाठी एक दिवसाचीही रजा नव्हती. खासगी क्षेत्रातील वडिलांना रजा देणे बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा तेव्हा नव्हता. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे या वडिलांचा हक्क पूर्णपणे कंपनीच्या स्वतःच्या धोरणातून येत होता, आणि त्या धोरणात मुलाच्या वयाची कोणतीही मर्यादा लिहिलेली नव्हती. कंपनीने काय केले? ज्या कायद्यातून वडिलांना काहीच मिळत नाही, त्याच कायद्यातील अट उचलून तिने वडिलांना लावली. कायद्याचा लाभ लागू होत नसेल तर त्याची मर्यादाही लागू होत नाही, हे मी माझ्या अभिप्रायात पहिल्याच परिच्छेदात लिहिले.

तीन महिन्यांची ही अट प्रत्यक्षात कशी चालत होती, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. बाल न्याय अधिनियमानुसार जन्मदात्यांनी बाळ बालकल्याण समितीकडे सोपवले, तर त्यांना निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी दोन महिने द्यावे लागतात. ते संपल्याशिवाय बाळ दत्तकासाठी मुक्त घोषित होत नाही. टाकून दिलेल्या लहान बाळाच्या बाबतीतही जन्मदात्यांचा शोध आणि चौकशी यांसाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर संस्था बाळाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल संकेतस्थळावर चढवते, मग माहिती पाठवली जाते, मग होकार, भेट, स्वीकृती. जन्माच्या दिवशीच बाळ सोपवले गेले आणि पुढे एकही कागद कुठे अडकला नाही, तरी तिसरा महिना संपण्याआधी ते नव्या घरी पोहोचणे म्हणजे काठावरची गोष्ट असते. फेरविचाराची मुदत बाळाच्या आणि जन्मदात्रीच्या संरक्षणासाठी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण एका कायद्याने दोन महिने थांबायला सांगायचे आणि दुसऱ्याने तीन महिन्यांच्या आत पोहोचा म्हणायचे, यात दत्तक आईची रजा कागदावरच राहत होती. या अटीला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, ते याच कारणासाठी.

या दांपत्यातील आईच्या कंपनीने तेव्हाच्या कायद्यावर बोट ठेवले. मुलगी सात महिन्यांची असल्यामुळे बारा आठवडे देणे बंधनकारक नाही, आणि आमच्या धोरणात याहून वेगळे काही नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. अक्षरशः ते खरे होते. त्यांच्या खात्यावरची अर्जित रजा एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरली. पुढचा महिना त्यांनी बिनपगारी घेतला आणि सोमवार, १५ मे रोजी त्या कामावर रुजू झाल्या. वडिलांच्या दहा दिवसांचे मोल केवढे होते, ते या पार्श्वभूमीवर कळते. अर्ज फेटाळल्यामुळे त्यांनी १० ते १७ मार्च हे सहा कामाचे दिवस चार किरकोळ आणि दोन अर्जित रजांमधून काढले होते.

आता दुसरे कारण, कागदपत्रांचे. जैविक पित्याकडे रुग्णालयाचा कागद पहिल्या दिवशी असतो आणि जन्मदाखला काही दिवसांत मिळतो. दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला दत्तक आदेश झाल्यानंतरच मिळतो, आणि आदेश बाळ घरी आल्यावर काही महिन्यांनी येतो. बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने हे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला; ही दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील प्रलंबित प्रकरणे तिकडे वर्ग करण्यास स्थगिती दिली. अर्ज कोणाकडे चालणार, हेच त्या दिवसांत अनेक पालकांना स्पष्ट नव्हते. अशा वेळी ‘आदेश आणा, मग रजा घ्या’ म्हणणे म्हणजे बाळ घरात रुळल्यानंतर ते रुळावे म्हणून रजा देणे होय.

बाळ ताब्यात मिळाल्याच्या दिवशी पालकांच्या हातात एक कागद मात्र नक्की असतो. दत्तकपूर्व संगोपनाच्या हमीपत्रावर त्यांनी सही केलेली असते आणि त्याची प्रत त्यांच्याकडे असते. त्यावर तारीख असते, पालकांची नावे असतात, संस्थेचा शिक्का असतो. रजेसाठी नियोक्त्याला जे जाणून घ्यायचे असते, म्हणजे बाळ कोणाकडे आणि कधी आले, ते सगळे त्या एका पानावर असते.

या कंपनीतील अधिकाऱ्यांनी मात्र हमीपत्राऐवजी बाळाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल मागितला होता. वडिलांनी रजा मिळावी या आशेने दोन्ही प्रणालीत चढवलेही होते. मी फाइल उघडली तेव्हा ते दोन्ही कागद त्यांच्या विभागप्रमुखाला, वेतन विभागातील दोघांना आणि प्रणाली सांभाळणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराला दिसत होते. या अहवालांत बाळ संस्थेत कसे आले, जन्मदात्रीविषयी काय माहिती आहे, तपासण्यांचे निकाल काय आले, हे सगळे लिहिलेले असते. ती माहिती त्या मुलीची आहे. मोठी झाल्यावर ती कोणाला सांगायची हे तिने ठरवायचे आहे. बाल न्याय अधिनियम अशा बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करतो, आणि दत्तक नोंदी गोपनीय ठेवण्याची तरतूदही नियमांत आहे. मनुष्यबळ विभागाचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. डिस्चार्ज कार्डाच्या जागी काय मागावे हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून जो वैद्यकीय दिसेल तो कागद त्यांनी मागितला. पण मी सर्वांत आधी करायला लावले ते हेच: दोन्ही कागद प्रणालीतून आणि तिच्या बॅकअपमधून काढून टाकणे, आणि तसे केल्याचे वडिलांना लेखी कळवणे.

धोरण दुरुस्त करायचे ठरल्यावर विभागाने एक मसुदा केला आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या रजा नियमांचा आधार घेतला. आधार चांगला होता. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला पत्नीच्या प्रसूतीसाठी पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. ती प्रसूतीपूर्वी पंधरा दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते, रजेच्या खात्यातून वजा होत नाही, आणि सर्वसाधारणपणे नाकारू नये असे नियमातच म्हटले आहे. एक वर्षापेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यासाठीही तेवढेच दिवस आहेत, आणि ते वैध दत्तकविधानाच्या तारखेपासून सहा महिन्यांत घ्यायचे असतात.

मसुद्यात हेच शब्द उतरवले होते: ‘एक वर्षाखालील मुलाचे वैध दत्तकविधान झाल्यास’. विभागाने ‘वैध दत्तकविधान’ म्हणजे आदेशाची तारीख असा अर्थ धरला होता. मी त्यांना हीच मुलगी त्या वाक्यात बसवून पाहायला सांगितली. ती घरी आली तेव्हा सात महिन्यांची होती. आदेश लवकर आला तर ती वर्षाच्या आत असेल. ४ ऑगस्टनंतर आला तर वर्ष ओलांडलेले असेल, आणि मग याच धोरणाखाली याच वडिलांचा अर्ज पुन्हा फेटाळावा लागेल, तेही सुनावणीला लागलेल्या वेळामुळे, ज्यावर त्यांचा काहीच ताबा नाही. बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वेतन विभागातील एका बाईंनी विचारले, “मग मोजायचं तरी कुठून?” त्याचे उत्तर १९६१ च्या कायद्यातच होते. वयाची अट जाचक असली, तरी त्या कलमातील मोजणीचा आरंभ अगदी योग्य होता: बाळ स्वाधीन केल्याचा दिवस. आईसाठी जी तारीख कायद्याने निवडली, ती वडिलांसाठी धोरणात घ्यायला कोणतीही अडचण नव्हती.

बुधवार, १२ एप्रिलला सुधारित नियम मंजूर झाला. बाळ ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून दहा कामाचे दिवस. पुरावा म्हणून दत्तकपूर्व संगोपनाचे हमीपत्र. दत्तक आदेशाची प्रत नंतर, मिळेल तेव्हा. मुलाच्या वयाची अट नाही. पूर्वसूचना ‘शक्य तितक्या लवकर’. संगोपनाचा काळ दत्तकविधानात परिणत झाला नाही तर काय, असा प्रश्न व्यवस्थापनाने रास्तपणे विचारला. तशा वेळी घेतलेली रजा परत वसूल करायची नाही, असे आम्ही लिहून ठेवले. ज्या घरातून बाळ परत गेले आहे, त्या घरातील माणसाकडून दहा दिवसांचा पगार कापण्याचे समर्थन बैठकीत कोणालाच करता आले नाही.

मुदतीवरून मात्र ओढाताण झाली. विभागाला साठ दिवस कायम ठेवायचे होते आणि रजा सलग घ्यावी असा आग्रह होता. येथेही दिनदर्शिका समोर ठेवावी लागली. १० मार्चपासून साठ दिवस ९ मे रोजी संपत होते, आणि आई १५ मेला कामावर जाणार होत्या. दत्तक घरात वडिलांची गरज दोनदा तीव्र होते: बाळ येते तेव्हा, आणि आईची रजा संपून ते पहिल्यांदा पाळणाघरात किंवा आजीकडे राहू लागते तेव्हा. नुकतीच एकदा माणसे बदललेल्या बाळासाठी ही दुसरी वेळ अधिक अवघड असू शकते. शेवटी मुदत सहा महिन्यांची झाली आणि रजा दोन भागांत घेण्याची मुभा मिळाली. वडिलांच्या मार्चमधील सहा दिवसांचे रूपांतर पितृत्व रजेत झाले, किरकोळ आणि अर्जित रजा खात्यावर परत जमा झाल्या, आणि उरलेले चार दिवस त्यांनी १५ ते १८ मे या काळात घेतले.

याच बैठकीत सरोगसीचा मुद्दाही निघाला, कारण प्रणालीतील तोच रकाना तिथेही लागू होणार होता. सरोगसीत प्रसूतीची तारीख असते, त्यामुळे मोजणी सोपी आहे. अडचण येते ती पुराव्याची. पत्नीच्या गरोदरपणाचे कागद मागितले, तर ते नसतातच. सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ नुसार प्रक्रियेआधीच दांपत्याला बाळाच्या पालकत्वाविषयी आणि ताब्याविषयी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो, आणि जन्मलेले बाळ कायद्याने त्यांचेच मानले जाते. म्हणून वडिलांच्या रजेसाठी तो आदेश आणि जन्मदाखला पुरेसा आहे. बाळाला जन्म देणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा तिचे वैद्यकीय कागद नियोक्त्याच्या फाइलमध्ये येण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये आपल्या रजा नियमांत सरोगसीचा समावेश केला, तेव्हा अशा पित्याला पंधरा दिवस आणि मातेला १८० दिवस मिळाले. प्रसूती लाभ कायद्यातील मातेच्या व्याख्येत मात्र एक पेच आहे. तिथे स्वतःचे स्त्रीबीज वापरणारी स्त्रीच अभिप्रेत आहे, तर २०२४ मध्ये सरोगसीचे नियम बदलून वैद्यकीय कारणासाठी दात्याचे बीज वापरण्यास परवानगी मिळाली. दात्याचे स्त्रीबीज वापरलेल्या आईचा अर्ज कोणी त्या व्याख्येवर अडवला, तर तो वाद बीजाच्या मालकीचा होईल, बाळाच्या संगोपनाचा राहणार नाही. त्यामुळे धोरणात ‘जैविक’ हा शब्द न घालता ‘आदेशात पालक म्हणून नाव असलेली व्यक्ती’ असे लिहावे, असा सल्ला मी आता देते.

दत्तक आदेश २१ ऑगस्ट २०२३ रोजी झाला. तेव्हा मुलगी एक वर्ष आणि सतरा दिवसांची होती. पहिल्या मसुद्याप्रमाणे तिच्या वडिलांना एकही दिवस मिळाला नसता. आदेशाची प्रत त्यांनी पुढच्या आठवड्यात दिली, ती पाहून परत करण्यात आली आणि फाइलमध्ये फक्त तिचा दिनांक नोंदवला गेला. प्रणालीतील तो रकाना बदलायला पुरवठादाराने आणखी दोन महिने घेतले. आता तिथे `Date of Birth or Date Child Received` असे दिसते. आईच्या बिनपगारी महिन्याचे मात्र काहीच झाले नाही. त्यांच्या कंपनीला मी दोनदा पत्र लिहिले. कायद्यापेक्षा जास्त देण्याचे आमचे धोरण नाही, असे दोन्ही वेळा उत्तर आले.